प्रोफाइलवर टॉपर्सचे फोटो लावावेत का?

धागाकर्ता: शालेय गणिताच्या शिकवण्या घेतो, आता प्रोफाइल बनवतोय. सगळे क्लासवाले टॉपर्सचे फोटो आणि टक्के सर्वांत वर टाकतात. माझेही चौघे नव्वदच्या पुढे गेलेत. लावू का?

क्लासचालक: बिनधास्त लावा. पालक आधी निकाल बघतात, मग बाकीचं. माझे फोन तेवढ्यावरच येतात. पद्धत वगैरे वाचायला वेळ कोणाकडे आहे?

दोन मुलांची आई: चौघे, पण कितीजणांतले? हे कुणीच लिहीत नाही. शिवाय माझ्या मुलीचा फोटो एका क्लासने न विचारता लावला होता. काढायला लावेपर्यंत नाकी नऊ आले.

जुना शिक्षक: ताईंचा मुद्दा बरोबर आहे. समजा, गेल्या वर्षी सगळ्या बॅच मिळून 26 मुलं होती. नव्वदपुढचे चौघे आले तेव्हाच पंचाऐंशीच्या आसपास होते. त्यात तुमचं श्रेय किती? पण नऊ मुलं पन्नासच्या खाली होती आणि त्यातली सहा साठच्या वर गेली, तर ते सांगण्यासारखं आहे. मी असं लिहीन: 'आठवी ते दहावी गणित. बॅचमध्ये जास्तीत जास्त 12 मुलं. शिकवतो मी स्वतः. गेल्या वर्षीच्या 26 पैकी 9 जण पन्नासच्या खाली होते, त्यातले 6 साठच्या वर गेले.'

दोन अटी मात्र पाळा. आधीची आणि नंतरची परीक्षा सारख्याच काठिण्याची हवी, नाहीतर पेपर सोपा निघाला आणि क्लास चांगला ठरला असं व्हायचं. आणि फारच कमी गुणांवर असलेली काही मुलं पुढच्या परीक्षेत आपोआपही थोडी वर येतात. तेव्हा दावा जपून करा. फोटो लावायचाच तर पालकांची लेखी परवानगी घ्या.

एक बाबा: आमच्या चिरंजीवांना इंग्रजीसाठी ऑनलाइन सर हवेत, सातवीत आहे. कुणी आहे का?

क्लासचालक: (बाबा, वेगळा धागा काढा.) सर, पटतंय, पण एक अडचण आहे. 'पन्नासच्या खालचे' असं लिहिलं की 'कच्च्या मुलांचा क्लास' हा शिक्का बसतो आणि हुशार मुलांचे पालक फिरकत नाहीत. हे मी भोगलंय.

जुना शिक्षक: शिक्का बसतो, नाकारत नाही. पण सगळ्यांसाठी एकच प्रोफाइल लिहिलं की ते कुणालाच आपलं वाटत नाही. आधी ठरवा, तुम्हाला कोण हवंय.

दोन मुलांची आई: मला तरी कच्च्या मुलांचा क्लास म्हटला की हायसं वाटेल. धाकट्यासाठी तोच शोधतेय!

धागाकर्ता: आकडा टाकतो म्हणतो. फक्त एक शंका, मधेच सोडून गेलेले पाच जण एकूण आकड्यात धरायचे का?

जुना शिक्षक: धरा, आणि '5 जण मधेच गेले' हेही लिहा.

क्लासचालक: हे लिहिलंत तर फोन येणार नाहीत, सांगून ठेवतो.