मदत हवी आहे: दोन महिन्यांची नोंद ठेवली, पण दोन्ही महिने वेगळंच सांगतात. पाळीआधीचा तीव्र मानसिक त्रास, म्हणजे पीएमडीडी, की नेहमीचा त्रास?

गुजरीतली
वय ३१. पाळीच्या आधीच्या आठवड्यात चिडचिड इतकी होते की कामावर भांडण होतं, घरी बोलणं बंद पडतं. पाळी आली की ओसरते. डॉक्टरांनी दोन महिने रोज लिहायला सांगितलं होतं. १ म्हणजे अजिबात नाही, ६ म्हणजे टोकाचं. चिडचिडीचे आकडे:

पहिला महिना, पाळीआधीचे ७ दिवस: ३, ४, ५, ५, ६, ५, ४. पाळीच्या चौथ्या ते दहाव्या दिवशी: २, १, १, १, २, १, १.
दुसरा महिना, आधीचे ७: २, ४, ४, ५, ५, ४, ४. नंतरचे ७: ३, ४, ३, ३, २, ३, ४.

यातून काय समजायचं?

रंकाळ्याकाठी
ताई, पोटात दुखत असेल तर गरम पाण्याची पिशवी आणि ओव्याचं पाणी घ्या. मलाही पहिल्या दिवशी लई कळा येतात, त्यानं बरं वाटतं.

गुजरीतली
दुखणं फारसं नाही ओ, मनाचाच प्रश्न आहे.

शाहूपुरीकर
आधी हार्मोनची रक्ततपासणी करा. प्रोजेस्टेरॉन बिघडलं असेल तर रिपोर्टमध्ये लगेच सापडेल.

माया_कसबा
शाहूपुरीकर, हार्मोनशी संबंध आहे हे बरोबर, पण रिपोर्टमध्ये ते सापडत नाही. पीएमडीडीत हार्मोनची पातळी सहसा इतर बायकांसारखीच असते. तिच्या चढउताराला मेंदू जास्त तीव्र प्रतिसाद देतो. म्हणून पीएमडीडी आहे की नाही हे रक्त सांगत नाही. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासतात ते दुसरं कारण नाही ना, हे बघण्यासाठी.

गुजरीतली ताई, आता तुमचे आकडे बघू. पहिल्या महिन्यात आधीची सरासरी साधारण ४.६ आणि नंतरची १.३. चढ मोठा आहे, आणि नंतरचा आठवडा स्वच्छ आहे. निदानासाठी हा स्वच्छ आठवडाच सगळ्यात महत्त्वाचा. दुसऱ्या महिन्यात आधी ४, नंतर ३.१. म्हणजे पाळी येऊन गेली तरी चिडचिड पूर्ण गेलीच नाही, दोन दिवस तर ती ४ वर होती. असं दर महिन्याला दिसलं तर तो पीएमडीडी नसून, आधीपासूनची चिंता किंवा नैराश्य पाळीआधी वाढत असण्याची शक्यता जास्त. त्याचे उपचार वेगळ्या दिशेनं जातात. नेहमीच्या पाळीआधीच्या त्रासातही चिडचिड होते, पण माणूस काम रेटतो, नाती तुटायच्या टोकाला जात नाहीत.

दोन गोष्टी विचारते. दुसरा महिना रोजच्या रोज लिहिला होता का? आणि चिडचिडीशिवाय काय नोंदवलंय? पीएमडीडी म्हणायला एकूण पाच लक्षणं लागतात. त्यातलं किमान एक चिडचिड, उदासी, ताण किंवा मन एकदम पालटणं यांपैकी हवं. बाकीची झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं, अंगावर सूज अशी चालतात. कामाचं नुकसान किती झालं हेही लिहायचं असतं.

गुजरीतली
खरं सांगायचं तर दुसऱ्या महिन्यात नंतरचे चार दिवस राहून गेले, ते रविवारी एकदम भरले. त्या आठवड्यात स्टॉकची मोजणी होती, रात्री ११ पर्यंत काम. झोप लिहिलीय, बाकी काही नाही.

माया_कसबा
मग दुसऱ्या महिन्यावर निर्णय टाकू नका. आठवून लिहिलं की आजचा मूड मागच्या दिवसांवर चढतो. तुम्ही चिडलेल्या असताना भरलं, तर सगळेच दिवस चिडचिडे दिसणार. तो महिना फाडून टाकू नका, 'मोजणी, मागाहून भरलं' असा शेरा लिहून डॉक्टरांना दाखवा.

तिसरा महिना असा लिहा: एका कागदावर तारखा आडव्या, आठ-दहा लक्षणं उभी. रोज रात्री एकाच वेळी आकडा टाकायचा आणि कालचे आकडे झाकून ठेवायचे. दिवस मोजताना गल्लत होते तीही सांगते. आज पाळीआधीचा कितवा दिवस आहे, हे आज कळतच नाही. पुढची पाळी आली की तो दिवस १ धरायचा आणि तिथून मागे सात मोजायचे. चौदाव्या दिवसापासून अंदाजानं मोजणाऱ्यांची रांग चुकते, कारण सगळ्यांचं चक्र २८ दिवसांचं नसतं.

'मेलेलं बरं' असं मनात आलं तर तक्ता पूर्ण व्हायची वाट बघू नका. टेलि-मानस १४४१६ वर फोन करा किंवा कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा.

शाहूपुरीकर
दोन महिन्यांत एक चांगला आला की. गोळी सुरू करायला तेवढं पुरत नाही?

माया_कसबा
निदान पक्कं करायला त्रासाची दोन चक्रं लागतात, म्हणून एक पुरत नाही. त्रास फार असेल तर डॉक्टर कच्च्या निदानावरही औषध देतात, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. ताई आता कुठलं औषध किंवा गर्भनिरोधक गोळी घेताय का? तसं असेल तर आकडे वेगळे वाचावे लागतील.

गुजरीतली
फक्त लोहाची गोळी. आज पाळीचा दुसरा दिवस आहे. परवापासूनचे सात दिवस स्वच्छ येतात का बघते. मोजणी या महिन्यात नाही.