अनुभव धागा: अमोनिया उतरला, नायट्राइट मात्र उतरेना

या धाग्यात एकच टप्पा घेऊ. माशांच्या नवीन टाकीत अमोनिया खाली आलाय, पण नायट्राइट चढूनच बसलाय. अशा वेळी पाणी बदलायचं की टाकीला हातच लावायचा नाही? आपले आकडे आणि केलेले उपाय लिहा. सुरुवातीला माझी टाकी देते: 60 लिटर, स्पंज फिल्टर, सहा प्लॅटी, तिसरा आठवडा. अमोनिया 0.25 पीपीएम, नायट्राइट 2, पीएच 7.6. मासे पृष्ठभागाशी येऊन भराभर श्वास घेतायत.

काचघर: पाण्याला अजिबात हात लावू नका. बॅक्टेरिया आत्ता कुठे तयार होतायत, पाणी काढलंत की तेही जातील आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. खाणं मात्र निम्म्यावर आणा.

जुना_स्पंज: खाण्याचं बरोबर, पाण्याचं चूक. हे बॅक्टेरिया पाण्यात तरंगत नसतात, स्पंज, वाळू आणि काचेवरच्या बुळबुळीत थराला चिकटून असतात. निम्मं पाणी काढलं तरी त्यातले फारच थोडे जातात. अमोनिया खाणारे आधी वाढतात. नायट्राइटचं नायट्रेट करणाऱ्यांना आधी नायट्राइट मिळावं लागतं, त्यामुळे ते मागून येतात. मधल्या काळात नायट्राइट साचतो.

ताई, आज 30 लिटर बदला. 2 चा 1 होईल. उद्या परत मोजा, कारण सहा माशांची घाण रोज भर घालतेच, आणि 1 च्या आसपास दिसला तर पुन्हा 30 लिटर. 0.5 च्या खाली ठेवायचा प्रयत्न करा. नवीन पाण्याचं तापमान टाकीइतकंच हवं आणि क्लोरिन काढणारं औषध आधी घालायचं. स्पंज नळाखाली धुऊ नका. टाकीतून काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळा, तोही प्रवाह मंदावला असेल तरच.

शेवाळप्रेमी: नायट्रेट कमी करायला वेगाने वाढणारी झाडं लावा. हॉर्नवर्ट, डकवीड. माझ्या टाकीत नायट्रेट 10 च्या वर जातच नाही.

जुना_स्पंज: दादा, प्रश्न नायट्राइटचा आहे, नायट्रेटचा नाही. झाडं अमोनिया ओढतील, म्हणजे पुढे नायट्राइट कमी बनेल. पण आज जे मासे धापा टाकतायत त्यांना त्याचा तातडीने उपयोग नाही. नायट्राइट कल्ल्यातून रक्तात शिरतो आणि हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहू देत नाही. रक्त तपकिरी पडतं. म्हणून पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा वर येतो. एअर पंप वाढवा, मदत होते, पण मूळ कारण तसंच राहतं.

खारेपाणी: आणि मीठ? क्लोराइड असेल तर कल्ले नायट्राइट कमी घेतात. आयोडीन नसलेलं साधं मीठ, 60 लिटरला 2-3 ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धा चमचा. आधी मगात विरघळवून घाला. प्लॅटीला चालतं.

काचघर: कोरीडोरस मासे असतील तर मीठ नको.

खारेपाणी: एवढ्याशा मिठाने त्यांना काही होत नाही असं माझं मत. मोठ्या डोसची गोष्ट वेगळी. पाणी बदलताना तेवढंच मीठ परत घाला, 30 लिटर काढलंत तर निम्मं.

रंगीत_नळी: एक तपासा. नायट्राइट जास्त असताना बऱ्याच किटमध्ये नायट्रेटही जास्त दिसतं, कारण ती चाचणी आधी नायट्रेटचं नायट्राइट करूनच रंग दाखवते. म्हणजे "नायट्रेट 40 दिसतंय, अमोनिया-नायट्राइट-नायट्रेटचा फेरा पूर्ण झाला" असं समजून मासे वाढवू नका. त्याच चाचणीच्या दुसऱ्या बाटलीतलं द्रावण तळाशी बसतं, ती जोरात हलवली नाही तर आकडा उलटा खूप कमी येतो.

काचघर: बरं, पाण्याबद्दल मागे घेतो. पण मग फेरा पूर्ण झाल्यावर दर आठवड्याला किती बदलायचं? मी 25 टक्के करतो, तरी नायट्रेट 40 वर अडकलंय.

जुना_स्पंज: तुमच्याकडे आठवड्याला 10 पीपीएम वाढत असणार. 40 मधून पाव काढलं की 30 उरतात, आठवड्यात परत 40. तिथेच घुटमळत राहणार. निम्मं बदललंत तर बदलण्याआधीचा आकडा हळूहळू 20 वर येऊन थांबेल. पण एकदम उडी नको, काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने वाढवा, कारण जुन्या टाकीचा पीएच नळाच्या पाण्यापेक्षा खाली घसरलेला असू शकतो. ही प्रक्रिया पाण्यातली क्षारता खाते.

काचघर: नळाचं पाणीच 20 दाखवतंय.

जुना_स्पंज: मग आठवड्याची वाढ 10 नाही, 5 च असणार, आणि निम्मं बदलूनही तुम्ही 30 वरच थांबाल. इथे शेवाळप्रेमींचं हॉर्नवर्ट कामाचं. बाटलीतले बॅक्टेरिया मात्र कुणी घालून बघितले असतील तर आधीचे-नंतरचे आकडे द्या, मला त्यांचा परिणाम प्रत्येक वेळी वेगळा दिसलाय.