दीडशेची बॅटरी की दोनशेची? अनगोळच्या लहान फ्लॅटसाठी इन्व्हर्टर

अनगोळकर
बेळगावच्या अनगोळात दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असा फ्लॅट आहे, दुसरा मजला. दिवसातून दोन-तीन वेळा लाईट जाते, कधी अर्धा तास, कधी दीड तास. वळवाच्या दिवसांत संध्याकाळी चार-चार तासही येत नाही. घरी आई असते आणि मी घरूनच काम करतो, त्यामुळे दोन पंखे, दोन एलईडी ट्यूबा, वायफाय आणि लॅपटॉप चालायलाच हवा. इन्व्हर्टर एका बॅटरीवर चालणारा आहे आणि चांगला आहे, बॅटरी मात्र संपली. दुकानदार २०० एएच, म्हणजे अँपिअर-तास क्षमतेची घ्या म्हणतो, शेजारचे काका १५० पुरे म्हणतात. काय घ्यावं? आणि नंतर ती टिकवायची कशी?

निपाणीकर
२०० घ्या, दुसरा विचार नको. बॅटरी जितकी खोल रिकामी होते तितकं तिचं आयुष्य घटतं. तोच लोड १५० ची बॅटरी निम्म्याहून जास्त उतरवेल, २०० ची कमी उतरवेल. शिवाय दर वर्षी ताकद थोडी घटतेच. आज पुरते म्हणून १५० घेतली तर तीन वर्षांनी तीच अपुरी पडणार. घरात वयस्कर माणूस आहे, चार-पाच हजारांकडे बघू नका.

शहापूर वर्कशॉप
निपाणीकर, खोल उतरण्याचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण आधी लोडचा हिशेब करू, एएच नंतर.

साधा जुना पंखा ७५ वॅट धरा, दोन म्हणजे १५०. दोन ट्यूबांचे ४०, लॅपटॉपचे ६०, वायफायचे १०. झाले २६०. इन्व्हर्टर स्वतःच साधारण पाचवा हिस्सा खातो, म्हणजे बॅटरीतून सव्वातीनशे वॅट निघणार. १२ व्होल्टच्या बॅटरीवर ते होतात २७ अँपिअर.

आता १५० एएच हा आकडा बघा. घरगुती ट्यूब्युलर, म्हणजे नळीदार प्लेटांच्या, पाणी घालायच्या बॅटरीवर तो बहुतेक वेळा २० तासांचा असतो, म्हणजे साडेसात अँपिअर इतक्या सावकाश काढलं तर १५० मिळतात. २७ ने ओढलं तर तीच बॅटरी ११०-११५ च्या आसपास देते. तीही तळापर्यंत काढू नये. ८० वापरायचे ठरवले तर तीन तास मिळतात. दीड तास लाईट गेली तर काही अडचण नाही, पण वळवाच्या चार तासांना १०८ लागतील आणि १५० तिथं तळ गाठेल.

म्हणून दोन्ही पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचे करा. ते फुल स्पीडला ३० वॅटच्या आसपास खातात. लोड २६० वरून १७० वर येतो आणि बॅटरीतून २७ ऐवजी १८ अँपिअर निघतात. चार तासांना ७२. आता तीच १५० ची बॅटरी निवांत पुरते, आणि हळू ओढल्यामुळे तिच्यातून थोडं जास्तच निघतं. बॅटरीच्या फरकात एक पंखा तरी सहज येतो, आणि लाईट असतानाही तो पंखा तुमचं बिल वाचवत राहतो.

निपाणीकर
पंखे जरूर बदलावेत. पण मग २०० घेऊन पंखेही बदलले तर काय बिघडतं? तुमच्याच हिशेबाने चार तासांना ७२ जाणार. १५० मधून ७२ म्हणजे जवळपास निम्मी, २०० मधून ७२ म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून थोडंच जास्त. आयुष्य कुणाचं जास्त?

शहापूर वर्कशॉप
अडचण भरताना येते. इन्व्हर्टरच्या मागच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत चार्जिंग करंट लिहिलेला असतो. लहान इन्व्हर्टरचा तो बहुतेक १० ते १५ अँपिअर असतो. ट्यूब्युलरला एएचच्या साधारण दहावा हिस्सा हवा. १५० ला १५, २०० ला २०. १० अँपिअरच्या चार्जरवर २०० टाकली की ती कधी पूर्ण भरतच नाही.

निपाणीकर
इथं मात्र पटत नाही. ७२ काढले तर ७२ आणि वर थोडं, एवढंच परत घालायचं आहे. बॅटरी १५० ची असो की २०० ची, तोच चार्जर तेवढेच तास घेईल. २०० घेतली म्हणून रोज २०० भरायचे असतात असं नाही.

शहापूर वर्कशॉप
रोज काढायचं तेवढंच भरायचं, हे तुमचं खरं. दोनशेला जास्त तास लागतात असं सरसकट म्हणणारे तेच विसरतात. पण शेवटचा टप्पा वेगळा आहे. बॅटरीतलं जड अ‍ॅसिड तळाला बसतं आणि वर पातळ राहतं. चार्जिंगच्या शेवटी बुडबुडे सुटतात तेव्हाच ते ढवळलं जातं. मोठ्या बॅटरीला बारीक चार्जर लावला की बुडबुडे फार उशिरा आणि अगदी मंद येतात. तेवढ्यात परत लाईट गेली की ढवळणं राहूनच जातं. असं महिनोन् महिने चाललं की प्लेटांच्या तळाशी सल्फेटचा पांढरा थर कडक होतो. वर्कशॉपला येणाऱ्या कितीतरी मोठ्या बॅटऱ्या वापराने झिजलेल्या नसतात, अर्धवट भरत राहून मेलेल्या असतात.

आणि एक माणसाच्या स्वभावाचं. मोठी बॅटरी आली की टीव्ही जोडतात, मग मिक्सर जोडतात. तिथं तुमचे ७२ कुठल्या कुठे जातात.

निपाणीकर
स्वभावाचा दोष बॅटरीच्या माथी नको. चार्जर १५ चा असेल तर मी २०० वरच ठाम आहे.

खानापूरची सून
आमच्याकडं पावसाळ्यात झाड पडलं की लाईट एक-एक दिवस येत नाही. आम्ही दोन बॅटऱ्यांचा २४ व्होल्टचा इन्व्हर्टर घेतला, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी बंद पडतो. मोटार पण त्याच्यावर चालवावी असं सासऱ्यांचं म्हणणं. अशा ठिकाणी किती एएच घ्यावी?

शहापूर वर्कशॉप
वहिनी, तुमचं दुखणं वेगळं. अनगोळला लाईट वरचेवर जाते पण परत येते, मधल्या वेळात बॅटरी भरते. तुमच्याकडं मधला वेळच नाही. तिथं एएच वाढवत बसण्यापेक्षा रात्री एक पंखा, दोन बल्ब एवढंच ठेवा. अर्धा एचपीची मोटारसुद्धा सुरू होताना चालू लोडच्या कितीतरी पट करंट ओढते, ती इन्व्हर्टरवर अजिबात नको. सासऱ्यांना सांगा, टाकी आधीच भरून ठेवायची. लाईट आली की मात्र बॅटरी पूर्ण भरू द्या. रिकामी तशीच पडून राहिली की सर्वात लवकर खराब होते.

लिथियमवाला पोरगा, सदाशिवनगर
२०० आणि १५० काय घेऊन बसलाय अण्णा! १०० एएच लिथियम घ्या की. पाणी नाही, वास नाही, वजन निम्म्याहून कमी. ऐंशी-नव्वद टक्के बिनधास्त वापरता येते, म्हणजे तुमच्या १५० च्या बरोबरीला येते. अर्धवट भरली तरी तिला काही होत नाही. मी घरी लावूलालोय, कुठल्याही इन्व्हर्टरला चालते.

शहापूर वर्कशॉप
कुठल्याही इन्व्हर्टरला चालते, एवढं सोडून सगळं बरोबर बोललास. जुन्या इन्व्हर्टरमध्ये फक्त ट्यूब्युलर आणि फ्लॅट प्लेट असं सेटिंग असतं. ट्यूब्युलरचा चार्जिंग व्होल्टेज वर जातो, लिथियमचं संरक्षण सर्किट मध्येच तोडू शकतं आणि ऐन वेळी घरात अंधार होऊ शकतो. बॅटरीच्या कंपनीचा आकडा आणि इन्व्हर्टरचं सेटिंग जुळतंय का, आधी बघ. अनगोळकरांना इन्व्हर्टर बदलायचा नाही, म्हणून मी लिथियम सुचवलं नाही. सहा-सात वर्षांचा विचार केला तर पोरगा चुकतोय असंही मी म्हणणार नाही.

अनगोळकर
स्टिकर बघितला, चार्जिंग १२ अँपिअर लिहिलंय. टिकवण्याचं पण सांगा ना. आधीच्या बॅटरीत आम्ही आरओचं पाणी घालायचो.

टिळकवाडी आजोबा
आम्ही पावसाचं पाणी गाळून घालत असू. आरओ तर शुद्धच की. दोन-तीन महिन्यांनी चार ओंजळी घातल्या की झालं.

शहापूर वर्कशॉप
आजोबा, आरओच्या पाण्यातही क्षार आणि क्लोराईड उरतं, ते प्लेटा खातं. छतावरून येणाऱ्या पावसाच्या पाण्यात धूळ आणि पत्र्याचा गंज येतो. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन बॅटरीच्या मानाने काहीच महाग नाही, तेच वापरा.

अनगोळकर, आता पद्धत. दीड-दोन महिन्यांनी आणि उन्हाळ्यात दर महिन्याला सहाही बुचांवरचा तरंगता दांडा बघा. लाल खुणेपर्यंत खाली गेला तरच हिरव्यापर्यंत पाणी भरा, तेही चार्जिंग पूर्ण झाल्यावर. आधी भरलं तर चार्ज होताना पातळी वाढून अ‍ॅसिड बाहेर येतं. प्लेटा उघड्या पडलेल्या दिसल्या तर मात्र त्या बुडतील इतकंच आधी घाला, बाकीचं चार्ज झाल्यावर. अ‍ॅसिड कधीही घालू नका. बाहेर काहीजण "रिचार्ज करून देतो" म्हणत अ‍ॅसिड ओततात. अ‍ॅसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर चार दिवस छान आकडा दाखवतो आणि आतल्या प्लेटा मात्र लवकर मरतात.

हायड्रोमीटर स्वस्त मिळतो, घरात एक ठेवा. पूर्ण चार्ज झालेल्या घरगुती ट्यूब्युलरचा आकडा १.२४० च्या आसपास असतो, पण नेमका तुमच्या बॅटरीच्या पुस्तिकेत बघा. पाणी घातल्या घातल्या मोजू नका, वरचं नवं पाणी मिसळलेलं नसतं. पाच सेल १.२३० आणि एकच सेल १.१४० दाखवत असेल आणि नीट चार्ज केल्यावरही तो वर येत नसेल, तर तो सेल बसला. दोन तासांचा बॅकअप अचानक अर्ध्या तासावर येतो तो बहुधा असाच. सहाही सेल सारखेच कमी दाखवत असतील तर बहुधा बॅटरी बिघडलेली नसते, नीट भरत नसते. तेव्हा चार्जर आणि मागचं सेटिंग तपासायचं. तिसरी खूण, दर पंधरवड्याला पाणी लागायला लागलं तर चार्जर जास्त भरतोय.

निपाणीकर
यात माझं काही वेगळं नाही. टर्मिनलचं पण सांगा, पांढरी-हिरवी पूड लोक तशीच ठेवतात.

शहापूर वर्कशॉप
हो, इन्व्हर्टर बंद करून, तारा काढून गरम पाण्यात खायचा सोडा घालून पुसायचं, बुचं घट्ट लावूनच, नाहीतर सोडा सेलमध्ये जातो. कोरडं करून, घट्ट कसून वर पेट्रोलियम जेली. सैल टर्मिनल गरम होतं आणि बॅकअपही कमी करतं.

अनगोळकर
आधी पंखे बदलतो. १२ च्या चार्जरला १५० बरी वाटते, पण निपाणीकरांचं वर्षागणिक ताकद घटण्याचं म्हणणंही डोक्यातून जात नाही, अजून ठरत नाही. आईच्या देवघराशेजारचं बंद कपाट रिकामं आहे, तिथं ठेवली तर?

शहापूर वर्कशॉप
देवघराजवळ तर नकोच. चार्जिंगच्या शेवटी हायड्रोजन सुटतो. बंद कपाटात तो साचतो आणि शेजारी समई पेटलेली. बाल्कनीत आडोसा करून ठेवा. अनगोळला पाऊस तिरका येतो, म्हणून भिंतीकडच्या कोपऱ्यात, फरशीपासून चार बोटं उंच ट्रॉलीवर. इन्व्हर्टर मात्र आतल्या भिंतीजवळ ठेवा आणि बॅटरीची तार कंपनीने दिली त्याहून लांब ओढू नका. एवढे अँपिअर बारीक तारेतून गेले की व्होल्टेज तिथंच पडतो आणि बॅटरी भरलेली असूनही इन्व्हर्टर "लो बॅटरी" ओरडायला लागतो.