निफ्टी 50 : भारानुसार घ्यावी की सगळ्यांना सरसकट दोन टक्के?

रेवती_ठाणे : माझी एसआयपी साध्या निफ्टी 50 इंडेक्स फंडात जाते. फॅक्टशीट उघडली तर शंभरातले बारा-तेरा रुपये एकट्या एचडीएफसी बँकेत आणि निम्म्याहून जास्त पहिल्या दहांत. मग पन्नास कंपन्या म्हणायचं तरी कशाला? इक्वल वेट फंडात प्रत्येकीला दोन टक्के. तिकडे गेले तर जोखीम कमी होईल ना?

खडूस_कारकून : होणारच. 17 जानेवारी 2024 आठवा. निकालानंतर एचडीएफसी बँक एका दिवसात सुमारे साडेआठ टक्के पडली आणि निफ्टी दोन टक्क्यांहून थोडी जास्त. त्यातली निम्मी पडझड त्या एका शेअरची. दोन टक्के भार असता तर तुमच्या लाखाला त्या बँकेपायी पावणेदोनशे रुपयांची चाट बसली असती, अकराशेंची नाही. विषय संपला.

अण्णा_सोलापूर : कारकून, एका दिवसापुरतं बरोबर आहे. पण इक्वल वेट दर तिमाहीला सगळ्यांना पुन्हा दोन टक्क्यांवर आणतं, म्हणजे पडलेलं विकत घेतं. येस बँक घ्या. मार्च 2019 अखेर भाव 275च्या आसपास, जून अखेर 109, सप्टेंबर अखेर 41.

लाख रुपये धरा, बाकीच्या 49 कंपन्या जागच्या जागी आहेत असं समजा. येस बँकेत 2000. जूनपर्यंत त्यांचे 800 झाले, बाराशे गेले. आता फंड दुसरीकडचं विकून पुन्हा जवळजवळ 2000 तिथे ठेवणार. सप्टेंबरपर्यंत त्यातलेही बाराशेच्या वर गेले. भार दोन टक्के, तोटा लाखाला चोवीसशे! भारानुसार चालणाऱ्या फंडात सुरुवातीला तेवढेच 2000 असते तर तीनशे उरले असते, तोटा सतराशे. तिथे बुडणाऱ्या कंपनीत कोणी नवा पैसा ओतत नाही, तिचा भार आपोआप झिजतो. मार्च 2020 मध्ये येस बँक निफ्टीतून बाहेर पडली, तोवर इक्वल वेट तिला दर तिमाहीला पाजतच होतं.

मीठभाकर : अण्णा, मार्चपासूनच सुरुवात का केलीत? डिसेंबर 2018 अखेर भाव 181 होता, तिथून 275 झाला. त्या वाढीतला नफा इक्वल वेटने मार्चमध्ये काढून घेतला, तोही मोजा की. आणि टाटा मोटर्स विसरलात. मार्च 2020 मध्ये सत्तरच्या आसपास, वर्षभरात तीनशे. साध्या निफ्टीत तेव्हा तिचा भार जेमतेम उरला होता, इक्वल वेटने मात्र त्याच भावात दोन टक्के भरून घेतले. यंत्र तेच. कधी येस बँक हाती लागते, कधी टाटा मोटर्स.

अण्णा_सोलापूर : मान्य. पण कुठली कुठे जाणार हे त्या यंत्राला कळत नाही, एवढंच सांगतोय. रेवतीताईंनी जोखमीबद्दल विचारलंय, परताव्याबद्दल नाही.

नाना_फडणीस_नव्हे : दर तिमाहीला एवढी खरेदी-विक्री म्हणजे दरवेळी कर भरा! माझ्या भावाने शेअर विकले तेव्हा साडेबारा टक्के गेले.

मीठभाकर : नाना, फंडाच्या आत काय विकलं-घेतलं यावर तुम्हाला कर नाही. तुम्ही युनिट विकाल तेव्हाच. मात्र रेवतीताई, जुने युनिट विकून तिकडे उडी मारलीत तर तो कर तुम्हाला आहेच. नुसती एसआयपी वळवलीत तर नाही.

शुभदा_नाशिक : मी खासगी बँकेत आहे. पगार बँकेचा, बोनस बँकेचा, वर मिळालेले शेअरही तिचेच. साध्या निफ्टीत वित्तीय कंपन्या तिसऱ्या हिश्श्याच्या पुढे. इक्वल वेटमध्ये कंपन्या मोजल्या तर तो हिस्सा विसेक टक्क्यांवर येतो. मी त्यासाठीच बदललं. परतावा कमी आला तरी चालेल, पण बँकांचं वाईट वर्ष आलं तर घरात दोन्हीकडून मार नको.

अण्णा_सोलापूर : शुभदाताई, तुमचं कारण मला पटलं. पण वित्तीय कंपन्यांची जागा कोण घेतं तेही बघा. पोलाद, सिमेंट, वाहनं. ही तेजी-मंदीची माणसं, पडतात तेव्हा एकत्र पडतात. शिवाय गर्दी दुसरीकडे होते. सप्टेंबर 2024 मध्ये ट्रेंट आत आल्यावर टीसीएस, टाटा मोटर्स, टाटा स्टील, टायटन, टाटा कन्झ्युमर धरून टाटांच्या सहा कंपन्या झाल्या. सहा दुणे बारा. एचडीएफसी बँकेचे बारा नकोत म्हणून निघालात आणि एका समूहाचे बारा घेतलेत.

खडूस_कारकून : सहा वेगळे धंदे आहेत हो ते! मीठ, घड्याळं आणि पोलाद एकत्र बुडत नाहीत.

रेवती_ठाणे : टाटांचं मला पटलं नाही, येस बँकेचं पटलं. आणि माझी नोकरी बँकेत नाही, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. म्हणजे शुभदाताईंचाच हिशेब लावला तर मला उलटं जायला हवं की काय? जुन्याला हात लावत नाही. नव्या एसआयपीचं या महिन्यात ठरवते.