अनुभव धागा: लहानग्यांना वार कसे शिकवलेत?

माझी मुलगी साडेतीन वर्षांची. सोमवार ते रविवार घडाघडा म्हणते, पण "आज कुठला वार?" विचारलं की दर वेळी "सोमवार!" साताऱ्यात आमच्या शेजारची मुलं अभिनयगीतातून वार शिकली, असं ऐकलं. तुम्ही कोणतं गाणं, कोणत्या हालचाली केल्यात? काय फसलं तेही लिहा.

अंगणवाडीतली ताई (वाळवा तालुका)
पाठ होणं आणि कळणं वेगळं. मुलांना ती सगळी एकच लांब ओळ वाटते. "बुधवारनंतर कोण?" विचारलं की पोरं सोमवारपासून गाडी सुरू करतात. म्हणून मी वाराच्या पहिल्या आवाजाला जुळणारी हालचाल घेते:

सोमवार आला, सोंड हलवा
मंगळवार आला, मान डोलवा
बुधवार आला, बुडी मारा
गुरुवार आला, गुडघे धरा
शुक्रवार आला, शुक शुक करा
शनिवार आला, शेपूट फिरवा
रविवार आला, रवी घुमवा

बुडी म्हणजे नाक धरून खाली उकिडवं बसायचं. रवी म्हणजे दोन्ही तळहातांत दोरी धरल्यासारखं ताक घुसळायचं. प्रत्येक ओळ दोनदा म्हणायची, पहिल्यांदा मी, मग मुलं. पहिला आठवडा फक्त बुधवारपर्यंत. सातही एकदम घेतले तर हात पुढं जातात, शब्द मागं राहतात, आणि शेवटी नुसता दंगा उरतो.

पाठ झाल्यावर खरा खेळ. मी तोंड बंद ठेवून गुडघे धरते, मुलं वार सांगतात. मग गुरुवारपासूनच गाणं सुरू करते. इथं जे मूल गोंधळतं, त्याची नुसती घोकंपट्टी झालीय असं समजायचं. आणि ज्या दिवशी जो वार, त्याची ओळ तीनदा.

मिरजेचा बाबा
सोपं आहे हो. भिंतीवरच्या कॅलेंडरात रविवार सगळ्यात वर असतो, तेव्हा गाणंही रविवारपासूनच सुरू करा. आमच्या पोराला दोन दिवसांत पाठ झालं.

अंगणवाडीतली ताई
दादा, रविवारपासून चालेल की. पण पाठ झालं ना? उद्या त्याला मधूनच विचारून बघा.

मिरजेचा बाबा
विचारलं. "शुक्रवारनंतर?" म्हटलं तर बोटं मोजत रविवारपासून सुरुवात केली. असो.

कराडची बालवाडी शिक्षिका
आमच्याकडे शुक्रवारी आधी ओठावर बोट ठेवून "शू" करायचो. पहिल्याच दिवशी चार मुलं उठून बाथरूमच्या दिशेनं निघाली, पाचवीला वेळेत पोचता आलं नाही. तेव्हापासून "शुक शुक", हातानं बोलावल्यासारखं. दुसरं असं की गुरुवार आणि शुक्रवार मुलं हमखास उलटसुलट करतात. मी दोघांच्या मधे मुद्दाम थांबते, गुडघे धरलेले तसेच, दोन श्वास. मग पुढचा वार.

विट्याची आजी
आमच्या नातवाला मी बेस्तरवार शिकवला. सुनेनं तोंड वाकडं केलं. आम्ही गुरुवारला बेस्तरवार आणि रविवारला ऐतवारच म्हणत आलो. आता शाळेत बाई गुडघे धरायला सांगतात आणि हा विचारतो, बेस्तरवारी काय धरायचं? मी म्हटलं, माझा पदर धर. घरचा शब्द सोडायचा का?

अंगणवाडीतली ताई
सोडू नका आजी. हालचाल तीच ठेवा, दोन्ही नावं म्हणा. वर्गात मात्र मी आधी एकच नाव पक्कं करते.

सांगलीकर आई
कोणत्या वारी कोणता उपवास धरायचा, हेही गाण्यात घालता येईल का? माझ्या मुलीला उपवासाच्या साबुदाण्यामुळेच वार लक्षात राहतात. शिवाय आमच्याकडे रवी नाहीच, मिक्सर आहे. ती रविवारी बटण दाबते आणि "घुर्रर्र" करते.

कराडची बालवाडी शिक्षिका
घुर्रर्र चालेल, पण मग "रवी" आणि "रवि"चा आवाज जुळण्याची गंमत जाते. मी एकदा घरून लाकडी रवी नेली, तीन मुलांनी ती भोवरा समजून फिरवली.

साताऱ्याची आई (धागा काढणारी)
पंधरा दिवस करून बघितलं. एक अडचण. शनिवारी "उद्या कुठला वार?" विचारलं तर "सोमवार!"

अंगणवाडीतली ताई
कारण रविवारी अंगणवाडी नसते, तो वार "आज" म्हणून मुलांच्या तोंडी येतच नाही. शनिवारी घरी जाताना मी रवी घुमवून म्हणते, "उद्या घरी." सोमवारी आल्यावर पुन्हा रवी, "काल घरी." काल आणि उद्याचा घोळ मात्र माझ्या चार वर्षांच्या मुलांतही पुरता सुटलेला नाही. काही जणांना परवाचा बाजारसुद्धा "काल"च असतो. तुम्ही रविवारी घरीच गाणं म्हणा, तिसऱ्या घुमवणीला ताकाचा पेला हातात द्या.

साताऱ्याची आई
काल दिला. आता सोमवारीही ताक मागतेय.