उद्या सकाळी स्लॅब भरायचा आहे आणि लोखंड कमी आहे. कोणाला व कसे कळवू?

पर्वरीचा_अभियंता: आमच्या तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबसाठी सकाळी सात वाजता रेडीमिक्सच्या गाड्या येणार आहेत. आज टेप लावून पाहिले, तर नकाशातल्या निम्म्याच सळ्या बांधलेल्या आहेत. ठेकेदार पोअर कार्डावर सही मागतो आहे आणि प्रोजेक्ट मॅनेजर फोन उचलत नाहीत. कृपया लवकर सांगा.

मडगावचे_काका: निम्म्या कुठल्या? वरच्या की खालच्या, आणि स्लॅबच्या कोणत्या भागात?

पर्वरीचा_अभियंता: बाल्कनीच्या. ती तुळईबाहेर १.५ मीटर आलेली आहे. वरच्या जाळीत १२ मिमीच्या सळ्या १५० मिमी अंतरावर हव्यात, त्या ३०० वर आहेत.

म्हापशाचा_सेंटरिंगवाला: जाळी अजून उघडी आहे. रात्रीच फिटर बोलवा आणि मधल्या जागी सळ्या घाला, कळवून वाद कशाला? आम्ही एकदा मीटरभराचे तुकडे बांधून भागवले होते.

वास्को_निवासी: आमच्या बाल्कनीच्या सळ्या खाऱ्या हवेने गंजून खालचे प्लास्टर पडू लागले आहे. त्यावर कोणते रसायन लावावे?

मडगावचे_काका: वास्कोकर, त्यासाठी वेगळा धागा काढा. सळ्या आताच वाढवता येतील हे सेंटरिंगवाल्यांचे म्हणणे खरे आहे, पण तुकडे चालणार नाहीत. अशा बाल्कनीत ताण वरच्या अंगाला येतो आणि तो पेलणारी सळी आतल्या स्लॅबमध्ये पक्की रुतलेली असावी लागते. सहसा ती बाहेरच्या लांबीच्या दीडपट, म्हणजे इथे सव्वादोन मीटर आत नेतात. तुमच्या नकाशात किती आहे ते पाहा. जाळीखाली चेअर आहेत का, हेही पाहा, कारण १५० मिमीच्या स्लॅबमध्ये ती पायाखाली ४० मिमी दबली, तर ताकद जवळजवळ एक तृतीयांशाने घटते. टेपसह फोटो, नकाशाचा क्रमांक आणि “मी सही केलेली नाही” हे वाक्य स्ट्रक्चरल सल्लागार आणि मॅनेजर या दोघांना एकाच मेलने आत्ताच पाठवा, आणि प्लँटलाही रात्रीच कळवा.

म्हापशाचा_सेंटरिंगवाला: स्लॅब पुढे गेल्याचा खर्च हा मुलगा भरणार आहे का?

पर्वरीचा_अभियंता: मेल पाठवला. सल्लागारांनी स्लॅब थांबवून पूर्ण लांबीच्या सळ्या घालायला सांगितले आहे. ते सकाळी स्वतः तपासणार आहेत. प्लँटने अजून माल बनवला नव्हता. मात्र दुसऱ्या मजल्याची बाल्कनी याच फिटरने बांधली होती, आणि तिचे फोटो कोणाकडेच नाहीत.

मडगावचे_काका: मग तिसऱ्या मजल्याचे टेकू कशावर उभे आहेत?

पर्वरीचा_अभियंता: त्याच बाल्कनीवर. तिच्या खालचे टेकू काढून झाले आहेत.

मडगावचे_काका: तर वरच्या सळ्या पूर्ण झाल्या तरी स्लॅब भरू नका. ओल्या काँक्रीटचे सगळे वजन त्या बाल्कनीवर येईल. खाली जमिनीपर्यंत पुन्हा टेकू लावायचे का, ते सल्लागारांनाच ठरवू द्या, आणि कव्हर मीटरने तिथल्या सळ्यांचे अंतर मोजून घ्या.

म्हापशाचा_सेंटरिंगवाला: मीटर अंतर दाखवील, पण सळी १२ची आहे की १०ची, हे त्यावरून खात्रीने सांगता येत नाही.

मडगावचे_काका: ते मान्य आहे. त्यासाठी एका जागी कव्हर फोडून सळी मोजावी लागेल. ती जागाही सल्लागारांनीच दाखवावी.

पर्वरीचा_अभियंता: त्यांना दुसरा मेल लिहितो आहे.