शब्दचर्चा : मातीतल्या स्फुरदाची ‘गंभीर पातळी’ म्हणावं का?

अनुवादक : माती परीक्षणावरच्या एका लेखाचं भाषांतर करते आहे. त्यात ‘क्रिटिकल लेव्हल’ सारखं येतं. ‘गंभीर पातळी’ लिहिलं, तर वाक्य असं होतं : ‘या मातीत स्फुरद गंभीर पातळीच्या वर आहे.’ वाचणाऱ्याला वाटेल, काहीतरी संकट आलंय. दुसरा शब्द सुचवाल का?

पाटपाणी : गंभीर नकोच. पिकाच्या पानांवर कमतरता दिसू लागते ती पातळी, म्हणून ‘कमतरता पातळी’ म्हणा.

खडूफळा : पानांवर काही दिसत नसतानाही उत्पादन घटलेलं असू शकतं, त्यामुळे तोही शब्द चुकीच्या जागी नेईल. ही पातळी पानांवरून ठरतच नाही. बऱ्याच ठिकाणी प्रयोग घेतात. प्रत्येक ठिकाणी एका वाफ्याला भरपूर स्फुरद देतात, दुसऱ्याला अजिबात नाही. बाकीची खतं दोन्हींना सारखी. बिनस्फुरदाच्या वाफ्याचं उत्पादन दुसऱ्याच्या किती टक्के आलं, ते सापेक्ष उत्पादन. मग ठिकाणांचे दोन गट पाडायचे, खताला प्रतिसाद देणारी आणि न देणारी. हे दोन गट माती चाचणीतल्या स्फुरदाच्या ज्या आकड्यापाशी सगळ्यात स्वच्छ वेगळे होतात, तो आकडा म्हणजे ही पातळी. केट आणि नेल्सन यांनी 1965 मध्ये हे आलेखावर करून दाखवलं आणि 1971 मध्ये त्याला गणिताची जोड दिली.

रेषा : म्हणजे ज्या आकड्याला सापेक्ष उत्पादन 95 टक्के होतं, तोच ना? आम्ही वक्र काढून तसंच शोधायचो.

खडूफळा : तीही रीत आहे, पण वेगळी. तिथे 95 हा आकडा आपण आधी ठरवतो. इथे आडवी रेषाही आधी ठरलेली नसते. आलेखात आडव्या अक्षावर चाचणीचा आकडा, उभ्यावर सापेक्ष उत्पादन, आणि प्रत्येक ठिकाणाचा एक ठिपका. त्यावर एक उभी आणि एक आडवी रेषा सरकवत राहायचं. जास्तीत जास्त ठिपके खालच्या डाव्या आणि वरच्या उजव्या चौकटीत आले की थांबायचं.

समजा 8 ठिकाणं आहेत. चाचणीचे आकडे, मिलिग्रॅम प्रति किलोत : 4, 6, 7, 9, 11, 13, 16, 20. त्याच क्रमाने सापेक्ष उत्पादन : 55, 62, 70, 68, 92, 88, 96, 94. 9 आणि 11 च्या मधे तोडलं तर डाव्या गटाची सरासरी 63.75 येते, उजव्याची 92.5. सगळ्या ठिकाणांतल्या चढउतारापैकी जवळपास 91 टक्के या एका विभागणीने उलगडतो. 7 नंतर तोडलं तर 66 टक्के, 11 नंतर 56. म्हणून पातळी 10. पण 9 आणि 11 च्या मधे एकही ठिकाण नाही, तेव्हा 10 हा फक्त मधला आकडा. तो 10.0 असा लिहू नका. नसलेला नेमकेपणा दिसतो.

पाटपाणी : माझ्या मातीचा अहवाल 5 आला होता. अर्ध्या शेतात स्फुरद घातलं, अर्ध्यात नाही. फरक जेमतेम. मग माझी जमीन कुठल्या गटात?

खडूफळा : त्या हंगामात पाऊस कसा होता?

पाटपाणी : दाणे भरताना ताण बसला. दोन्हीकडे पीक निम्म्यावर.

खडूफळा : मग ते ‘प्रतिसाद नाही’ फसवं असू शकतं. पाण्याच्या ताणाने दोन्हीकडचं उत्पादन खाली दाबलं की टक्केवारी आपोआप वर जाते. तुमचं ठिकाण 5 आणि 95 असं धरून वरच्या आकड्यांत घाला. तोडण्याची जागा 9 आणि 11 च्या मधेच राहते, पण 91 चे 54 टक्के होतात. एका ठिपक्याने एवढा फरक पडतो. मात्र असा ठिपका केवळ गैरसोयीचा म्हणून काढू नये. भरपूर खताच्या वाफ्याचंही उत्पादन त्या पिकाच्या मानाने फारच कमी असेल, तरच काढावा, आणि काढल्याचं लिहावं.

रेषा : शिवाय मातीतला स्फुरद मोजायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. ओल्सेन पद्धतीचा 10 आणि ब्रे पद्धतीचा 10 एक नाहीत. भाषांतरात पद्धतीचं नाव गाळू नका.

अनुवादक : आणि खाली असेल तर खत किती घालायचं, ते?

खडूफळा : ते या आकड्यात नसतं. खाली असेल तर प्रतिसादाची शक्यता जास्त, एवढंच तो सांगतो. मात्रेसाठी खताच्या वेगवेगळ्या पायऱ्यांचे प्रयोग लागतात. शब्द म्हणाल तर मी ‘क्रांतिक पातळी’ लिहितो. भौतिकशास्त्रात ‘क्रांतिक तापमान’ रुळलेलंच आहे.

रेषा : पण ‘क्रांतिक’ वाचून शेतकऱ्याला काय कळणार? मी ‘सीमापातळी’ म्हणेन. दोन गटांमधली सीमाच आहे ती.

खडूफळा : सीमा म्हटलं की 9 ला नक्की खत आणि 11 ला नक्की नको, असं वाटतं. या दोन आकड्यांत तेवढी हमी नाही.

अनुवादक : तरी लेख शेतकऱ्यांसाठी आहे, म्हणून सध्या ‘सीमापातळी’ ठेवते आणि पहिल्या वापराला 9 ते 11 सारखा पट्टा लिहिते. तक्त्याच्या मथळ्यात मात्र ‘क्रांतिक’ हवं, असं संपादकांचं मत आहे.